वीज कंपनीसाठी रेडिओ की सिमवाला वॉकी-टॉकी? ग्रुप कॉलबद्दल सल्ला हवा

खांबावरचा
नमस्कार मंडळी. मी कोकणात किनारपट्टीवरच्या एका उपविभागात वीज वितरणाचं काम बघतो. आमच्याकडे जुने व्हीएचएफ वायरलेस सेट आहेत, निम्मे बंद. आता एक पुरवठादार सिम घातलेले पीटीटी, म्हणजे बटण दाबून बोलायचे सेट दाखवून गेला. दिसायला वॉकी-टॉकी, आतून अँड्रॉइड. बटण दाबलं की महाराष्ट्रात कुठेही ग्रुपमध्ये आवाज जातो, नकाशावर प्रत्येक लाइनमन दिसतो, टॉवर उभारायची भानगड नाही. वरच्या साहेबांना फार आवडलं. मला एकच गोष्ट खुपते आहे. 2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे वीज गेली आणि पाठोपाठ मोबाइलही गेला. लाइनमन कुठल्या वाडीत आहे हे कळायला मोटारसायकलवर माणूस धाडत होतो. ट्रंक रेडिओ, म्हणजे सगळे गट मोजकेच चॅनल वाटून घेतात तो, पोलीस आणि मेट्रोवाले वापरतात तो टेट्रा वगैरे, आमच्यासारख्यांना परवडतो का? की हा सिमवाला पुरेल?

कळफलक
2025 मध्ये हा प्रश्न पडावा याचंच नवल वाटतं. टेट्रा हे नव्वदच्या दशकातलं तंत्र. एका 25 किलोहर्ट्झच्या वाहकावर वेळेचे चार स्लॉट पाडून चार जण बोलणार, डेटा जवळजवळ नाहीच. एलटीई, म्हणजे 4जी मध्ये, जिवावरच्या कामांसाठीचं मिशन क्रिटिकल पीटीटी 2016 साली प्रमाणाच्या रिलीज 13 या आवृत्तीतच प्रमाणित झालंय. बटण दाबल्यापासून बोलायची परवानगी मिळेपर्यंत 300 मिलिसेकंद, म्हणजे टेट्राइतकंच. 5जी मध्ये तर जाळ्याचा स्लाइस, म्हणजे आपल्यापुरता राखीव हिस्सा कापून मिळतो. स्वतःचे टॉवर उभारणं हा निव्वळ पैशाचा अपव्यय.

बिनतारी_निवृत्त
पोलीस बिनतारी संदेश विभागात आयुष्य गेलं. 11 जुलै 2006 ला लोकलमध्ये स्फोट झाले त्या संध्याकाळी मुंबईत मोबाइल लागत नव्हता हे ज्यांनी अनुभवलं ते स्लाइसबिइस ऐकून हसतील. सगळं शहर एकाच वेळी घरी फोन लावतं. त्या गर्दीत हवालदाराचा फोन आणि कॉलेजच्या पोराचा फोन यांच्यात टॉवरला काही फरक कळत नाही. वायरलेसवर कंट्रोलने "सर्व मोबाइल" म्हटलं की सगळ्या गाड्यांना एकदम ऐकू जातं.

कळफलक
काका, तेव्हा 2जी होतं. आता प्राधान्य देता येतं, तोच तर मुद्दा आहे.

तिसरा_स्लॉट
मी मेट्रोच्या टेट्रा यंत्रणेवर काम करतो, त्यामुळे माझा कल उघड आहे. तरी कळफलक यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे हे आधी सांगतो. एलटीईत प्राधान्य खरंच देता येतं. मिशन क्रिटिकल आवाजासाठी क्यूसीआय 65 आणि त्याच्या सिग्नलिंगसाठी क्यूसीआय 69 असे वेगळे वर्ग आहेत, आणि टॉवर भरला तर कोणाला बाहेर काढायचं हेही ठरवून ठेवता येतं. 300 मिलिसेकंदांचा आकडाही प्रमाणात आहे, 95 टक्के वेळा पाळायचा असा.

पण खांबावरचा यांना जो सेट दाखवला त्यात यातलं काही असेल असं वाटत नाही. बाजारात सिमवाला पीटीटी म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा साध्या डेटा सिमवर चालणारं अ‍ॅप असतं. त्याचा आवाज जातो क्यूसीआय 9 वर, म्हणजे ज्या रांगेत शेजारच्या टपरीवरचे व्हिडिओ आहेत त्याच रांगेत. मोकळ्या टॉवरखाली डेमो झकास होतो, कारण रांगच नसते. तेव्हा पुरवठादाराला एवढंच विचारा: तुमच्या सिमला मोबाइल कंपनीने क्यूसीआय 65 चा बेअरर, म्हणजे त्या वर्गाचा वेगळा मार्ग दिला आहे का, आणि तसं तिच्याकडून लेखी आणून द्याल का? मोजणीच्या फोनवर तो बेअरर दिसतो, त्यामुळे थाप पचत नाही.

सेक्रेटरी_बी_विंग
चांगला विषय. आमच्या सोसायटीत चार वॉचमन आहेत, त्यांच्यासाठी वॉकी-टॉकी घ्यायचे आहेत. टेट्रा घेऊ का?

तिसरा_स्लॉट
नको हो! चार वॉचमनना टेट्रा म्हणजे भाजी आणायला मालगाडी. 446 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले अर्ध्या वॅटचे सेट 2018 पासून परवान्याशिवाय चालतात, ते घ्या. फक्त संच त्या पट्ट्यातलाच आणि मान्यताप्राप्त आहे हे बघून घ्या, ऑनलाइन काहीही विकतात.

गार्डबाबा
रेल्वेतून लिहितो. आता आम्हाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण नाव जुनंच ठेवलंय. आमच्याकडे स्टेशनवर 25 वॅटचा व्हीएचएफ सेट, आणि लोको पायलट व माझ्या हातात 5 वॅटचा. त्यात ट्रंकिंग वगैरे काही नाही, एकच चॅनल, जो आधी दाबेल तो बोलेल. पण सांगायचं ते वेगळंच. युरोपात रेल्वेसाठी जीएसएम-आर आहे, आणि तो तर सेल्युलरच ना? मग सेल्युलर विरुद्ध रेडिओ हे भांडणच चुकीचं नाही का?

तिसरा_स्लॉट
गार्डसाहेबांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. जीएसएम-आर सेल्युलरच आहे, पण त्यात ग्रुप कॉल जाळ्याच्या पोटातच घातला आहे. ड्रायव्हरने लाल बटण दाबलं की 299 क्रमांकाच्या गटाचा आणीबाणी कॉल सुटतो. त्या टापूतल्या सगळ्या गाड्यांचे चालू कॉल तुटतात आणि सर्वांना तोच आवाज येतो. ऐकणारे दहा असोत की पन्नास, एका सेलमध्ये खाली जाणारा चॅनल एकच लागतो. टेट्रातही तसंच, एका साइटवर एका गटाला एक स्लॉट.

सिमवाल्या सेटमध्ये बहुधा प्रत्येक ऐकणाऱ्याला सर्व्हर स्वतंत्र प्रवाह पाठवतो. साठ लाइनमन एका टॉवरखाली असले, आवाज आणि वरची वेष्टनं मिळून प्रत्येकी साधारण 40 किलोबिट धरले, तर 2.4 मेगाबिट होतात. एलटीईला हे काहीच नाही, म्हणून "एलटीईत क्षमता पुरत नाही" हा टेट्रावाल्यांचा नेहमीचा युक्तिवाद मला फारसा पटत नाही. अडचण त्या साठांमधल्या शेवटच्या दहांची असते. जे सेलच्या कडेला, दरीत किंवा घरात आहेत, त्यांना तेवढाच आवाज पोचवायला टॉवरला कितीतरी जास्त साधनं खर्चावी लागतात. शिवाय झोपलेला हँडसेट आधी जागा करावा लागतो. मग कोणाला पहिले दोन शब्द ऐकू येत नाहीत, कोणाला वाक्य संपल्यावर ऐकू येतं. "फीडर चार्ज करतोय, खाली उतरा", म्हणजे लाइनमध्ये वीज सोडतोय, यातलं "खाली उतरा" तेवढं पोचलं तर एक वेळ चालेल. पण "खाली उतरा" गळून "चार्ज करतोय" इतकंच पोचलं, तर ऐकणारा काय करेल?

एकाच प्रवाहात सगळ्यांना ऐकवायची सोय एलटीईतही आहे, तिला ईएमबीएमएस म्हणतात. पण ती मोबाइल कंपनीने त्या टॉवरवर चालू केलेली असावी लागते. तुमच्या साठ सेटसाठी कोण करणार?

खांबावरचा
इथे एक स्पष्ट करतो, नाहीतर वाचणारा म्हणेल हे लोक फोनवर लाइन चार्ज करतात. परमिट लेखीच असतं, अर्थिंग लावलेलं असतं, परमिट परत आल्याशिवाय यंत्रचालक ब्रेकर घेत नाही. रेडिओ त्याची जागा घेत नाही. पण वादळात एका फीडरवर चार गँग चार गावांत असतात, एकाचं काम संपतं, दुसरा अजून खांबावर. तेव्हा सगळ्यांनी सगळ्यांचं ऐकलेलं असणं फार मोलाचं असतं. एकेकाला फोन लावत बसलं की कोणीतरी राहतोच.

वनिता_क
मी तांत्रिक नाही, पण एक शंका. ट्रंक म्हणजे चॅनल सगळ्यांचे मिळून. मग पोलिसांच्या रेडिओवरही गर्दी होणारच की?

तिसरा_स्लॉट
होते, आणि ती किती वाईट होऊ शकते हे मांडून दाखवतो. समजा एका साइटवर दोन वाहक आहेत. म्हणजे आठ स्लॉट, त्यातला एक नियंत्रणाला, आवाजाला सात. चौदा गट आहेत आणि नेहमीच्या दिवशी प्रत्येक गट 30 टक्के वेळ बोलतो. सात चॅनलवर 4.2 चा भार झाला. रांगेचं गणित केलं तर सहातल्या साधारण एका माणसाला थांबावं लागतं, आणि एक बोलणं सरासरी चार सेकंदांचं धरलं तर तो सरासरी दीड सेकंदाच्या आत सुटतो. कोणाच्या लक्षातही येत नाही. ट्रंकिंगचा फायदा हाच, चौदा गटांना चौदा चॅनल द्यावे लागत नाहीत.

आता वादळ आलं आणि बोलणं फक्त दीडपट झालं, 30 चं 45 टक्के. भार 6.3. आता दहातल्या सातांना थांबावं लागतं, आणि थांबणारा सरासरी साडेपाच-सहा सेकंद थांबतो. बटण दाबलेल्या माणसाला सहा सेकंद ही शिक्षा वाटते. तो बटण सोडतो, पुन्हा दाबतो, आणि रांगेतली आपली जागा घालवतो.

कळफलक
हे गणित अनंत लोक बोलणारे आहेत असं धरून केलेलं आहे. चौदाच गट असतील तर ज्याचा कॉल चालू आहे तो गट नवीन कॉल मागत नाही, म्हणजे प्रत्यक्षात रांग यापेक्षा लहान असेल.

तिसरा_स्लॉट
मान्य, आकडे जरा फुगलेले आहेत. पण घसरण अशीच अचानक होते. म्हणून ट्रंक यंत्रणेत प्राधान्याच्या पायऱ्या ठरवाव्या लागतात आणि आणीबाणीचं बटण दुसऱ्याचा चालू कॉल तोडून स्लॉट घेतं. आणखी एक खोच: गटातले लोक सहा साइटवर विखुरलेले असतील तर सहाही ठिकाणी स्लॉट लागतो, तिथे एकच माणूस असला तरी. त्यातली एक साइट भरलेली असेल तर काय करायचं? सगळे येईपर्यंत थांबायचं की जे मिळाले त्यांच्यासह सुरू करायचं? दोन्ही ठेवता येतं. आम्ही सुरू करतो, उशिरा येणाऱ्याला यंत्रणा मधूनच कॉलमध्ये घेते. पण मग बोलणाऱ्याला कळत नाही की एक साइट गैरहजर आहे.

टेम्सकाठ
लंडनहून. इथल्या दोन गोष्टी सांगते, कारण दोन्ही बाजूंना टोचणाऱ्या आहेत.

7 जुलै 2005 च्या स्फोटांच्या दिवशी इथेही मोबाइल जाळी कोंडली. सिटी ऑफ लंडन पोलिसांनी ऑल्डगेटच्या आसपास एका कंपनीच्या जाळ्यावर सामान्य लोकांचे फोन अडवण्याची व्यवस्था सुरू केली. आता गोम अशी की ज्या अधिकाऱ्यांकडे खास सिम नव्हतं तेही अडले. प्राधान्य ही गोष्ट आधीपासून, प्रत्येक सिमवर नोंदवलेली असावी लागते, ऐनवेळी करून भागत नाही. दुसरं म्हणजे भुयारात बचाव पथकांचे रेडिओही चालत नव्हते. तो दोष रेडिओच्या जातीचा नव्हे, आत अँटेना नव्हत्या हा.

आणि कळफलक यांना: ब्रिटनने 2015 मध्ये ठरवलं की पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांचं टेट्रा जाळं, एअरवेव्ह, बंद करून सगळं 4जी वर न्यायचं. 2019 अखेर एअरवेव्ह बंद होणार होतं. ते अजून चालू आहे, आणि दोन्हींचा खर्च चालू आहे. 4जी वर आवाज जातोच. अडलंय ते लांबच्या दऱ्याखोऱ्यांत, हवेतल्या हेलिकॉप्टरपर्यंत, आणि जाळं नसताना हँडसेट ते हँडसेट थेट बोलण्यात.

बिनतारी_निवृत्त
तेच म्हणतोय मी केव्हापासून. स्वतःची यंत्रणा असली की काही चिंता नाही.

तिसरा_स्लॉट
काका, इथे मात्र थांबवतो. स्वतःची यंत्रणा असूनही घात झालेला आहे. 17 जून 2017, पोर्तुगाल, पेद्रोगाव ग्रांदेचा वणवा. 66 माणसं गेली, त्यातली बरीचशी एका रस्त्यावर गाड्यांमध्ये अडकून. देशाची स्वतःची टेट्रा यंत्रणा होती, नाव सिरेस्प. टॉवर उभे होते, पण त्यांना मुख्य केंद्राशी जोडणाऱ्या केबल खांबांवरून गेलेल्या होत्या. आगीत त्या जळाल्या. मग त्या साइट स्थानिक पद्धतीवर गेल्या, म्हणजे एका टॉवरखालचे लोक आपापसात बोलू शकत होते, पण पलीकडच्या डोंगरावरच्या तुकडीशी आणि मुख्यालयाशी नाही. नेमकी अशी वेळ, की आग एका टॉवरखालून दुसऱ्याखाली सरकत होती आणि रस्ता बंद करायचा निरोप त्याच्या पुढे जायला हवा होता. नंतर त्यांनी साइटना उपग्रहाचा पर्यायी दुवा दिला.

ही स्थानिक पद्धतही कमी मोलाची नाही. त्याच जागी साधा मोबाइल टॉवर असता आणि त्याची केबल जळाली असती तर त्याखालचे दोन फोनही एकमेकांशी बोलू शकले नसते, कारण कॉल जुळवणारं डोकं दूर शहरात असतं. एलटीईतही साइट एकटी चालवता येते, पण ते यंत्र तिथे वेगळं बसवावं लागतं.

टेम्सकाठ
याचाच अमेरिकी जोडभाऊ म्हणजे नॅशव्हिल, 25 डिसेंबर 2020. तिकडे पोलीस-अग्निशमनासाठी फर्स्टनेट म्हणून प्राधान्य असलेलं एलटीई आहे, 700 मेगाहर्ट्झमध्ये राखीव पट्टाही आहे. सकाळी एका टेलिफोन इमारतीबाहेर गाडीत स्फोट झाला. इमारतीची बाहेरची वीज गेली, जनित्रं चालेनात, काही तासांनी बॅटऱ्या संपल्या. मग बऱ्याच भागात मोबाइल, 911 आणि फर्स्टनेटचे काही फोन असं एकत्रच गेलं. प्राधान्य होतं, फक्त कशावर प्राधान्य घ्यायचं तेच उरलं नाही.

कळफलक
मग निष्कर्ष काय, दोन्ही पडतात? माझा मुद्दा तरी उरतोच: पडणारच असेल तर स्वस्त तरी घ्या. आणि आपली रेल्वेही एलटीईकडेच चाललीय. 2021 मध्ये केंद्राने रेल्वेला 700 मेगाहर्ट्झमध्ये 5 मेगाहर्ट्झ दिले.

गार्डबाबा
दिले, पण स्वतःचं जाळं उभारायला दिले. स्वतःचे टॉवर, स्वतःची फायबर, स्वतःची बॅटरी. कंपनीचं सिम विकत घेणं आणि हे, यात फरक आहे. आमच्या हातातला 5 वॅटचा सेट मात्र अजून आहे तिथेच आहे. गाडी मधल्या सेक्शनमध्ये थांबली तर मी आणि लोको पायलट त्यावरच बोलतो, मध्ये कुठलाही टॉवर लागत नाही.

तिसरा_स्लॉट
थेट बोलणं हाच कळीचा फरक आहे. टेट्राचा हातातला सेट 1 वॅटच्या आसपास, सुमारे 400 मेगाहर्ट्झवर. एलटीई हँडसेट साधारणपणे पाव वॅटसुद्धा नाही, त्याहून वरच्या पट्ट्यात, आणि टॉवरशिवाय थेट बोलायची सोय प्रमाणात असली तरी बाजारातल्या सेटमध्ये शोधून सापडत नाही.

खांबावरचा, तुमच्या बाबतीत या सगळ्यापेक्षा एक गोष्ट मोठी आहे. मोबाइल टॉवरला वीज तुम्ही देता. वादळात वीज गेली की त्याची बॅटरी काही तास टिकते, मग डिझेल, आणि रस्ता बंद असेल तर डिझेलही नाही. म्हणजे वीज परत आणायला ज्या टॉवरवर तुम्ही बोलणार, तो चालू राहायला तुमचीच वीज हवी. पोलिसांना ही अडचण थोडी, तुम्हाला पुरेपूर. पण एका उपविभागासाठी अख्खं टेट्रा हेही मला जड वाटतं. तुमच्या भागात दोन-तीन उंच डोंगरांवर आवाज उचलून पुढे पाठवणारे रिपीटर, साधे डिजिटल व्हीएचएफ, त्यांची बॅटरी-सौर व्यवस्था दोन-तीन दिवसांची, आणि दुवा केबलवर नाही तर रेडिओवर. रोजच्या कामाला सिमवाले सेट घ्या की, नकाशा, फोटो यांना ते उत्तम. फक्त ते पहिले मरतील हे धरून चाला.

खांबावरचा
हे पटतंय. पण साहेब म्हणणार, दोन-दोन सेट कशाला? चाचणीत काय करून दाखवू, म्हणजे कागदावर येईल?

तिसरा_स्लॉट
तीन गोष्टी, त्याही पुरवठादारासमोर. गणपतीच्या दिवसांत, बाजारपेठेत संध्याकाळच्या गर्दीत, दहा सेटचा ग्रुप कॉल लावा आणि दुसऱ्या एखाद्या फोनवर रेकॉर्ड करा: बटणाचा आवाज ते समोरच्या सेटमधला पहिला शब्द, यात किती वेळ गेला ते रेकॉर्डिंगवरून मोजता येतं. एकदाच नाही, पन्नास वेळा, आणि सरासरी न लिहिता सर्वात वाईट पाच लिहा. मग दोन सेट विमान मोडवर टाका आणि विचारा, आता हे दोघे समोरासमोर कसे बोलणार? तिसरं म्हणजे सर्व्हर कुठे आहे ते विचारा. बहुधा दुसऱ्या राज्यात कुठेतरी असतो. तिथवरचा मार्ग तुटला की शेजारच्या खांबावरच्या माणसाशीही बोलणं बंद.

रिपीटर घेतलात तर त्याचीही परीक्षा घ्या. चार्जर काढून बॅटरीवर किती तास चालतो ते प्रत्यक्ष बघा. कागदावरचे तास नव्या बॅटरीचे असतात.

बिनतारी_निवृत्त
आणि डोंगरावर माकडं केबल तोडतात, वीज पडते. अर्थिंग नीट करा. तुम्ही वीजवाले, तुम्हाला काय सांगायचं म्हणा.

कळफलक
दोन-तीन डोंगरांवर चढउतार, परवाना, दरवर्षीची देखभाल, हा खर्च कोणी धरलाच नाही. पाच वर्षांचा हिशेब मांडला तर सिमवाला एक चतुर्थांशात बसेल, आणि उरलेल्या पैशात सॅटेलाइट फोन येतील.

टेम्सकाठ
सॅटेलाइट फोनवर ग्रुप कॉल कसा करणार? चार गँग एकमेकांचं ऐकू शकल्या पाहिजेत हा मूळ प्रश्न होता. शिवाय भारतात सॅटेलाइट फोनला सरकारी परवानगी लागते.

खांबावरचा
साहेबांशी आज बोललो. चाचणीला तयार आहेत, पण सिमवाल्या कंपनीने क्यूसीआयचं लेखी द्यायला "वर विचारून सांगतो" म्हटलंय. रिपीटरसाठी एका डोंगरावर आमच्याच उपकेंद्राचा जुना मनोरा आहे, दुसऱ्या डोंगराची जमीन वनखात्याची. तिसरा_स्लॉट, दुसरी जागा मिळालीच नाही तर एका रिपीटरवर खाडीपलीकडची तीन गावं सावलीत राहतात. तिथे गाडीत बसवायचा 25 वॅटचा सेट मध्यस्थ म्हणून लावता येईल का? कोणी असं केलं असेल तर सांगा.